‘अजून पाठवा’ की ‘आता बास’: ऐरोलीतल्या एका चॅटचं प्रकरण

ऐरोलीतल्या एका ऑफिसात फ्रेंच प्रोसेस चालते. फ्रान्समधले ग्राहक कॉफीच्या कॅप्सूलचं मासिक सबस्क्रिप्शन घेतात आणि त्यांच्या चॅटला उत्तरं देतात ठाणे-कळवा-डोंबिवलीची पोरं. मी ठाण्यात फ्रेंच शिकवते, अशा टीम्सना अधूनमधून रिफ्रेशरही देते. तिथल्या टीम लीडने एक एस्कलेशन माझ्यापुढे ठेवलं, नावं-नंबर काढून टाकून, आणि म्हणाला मॅडम यात चूक नक्की कोणाची ते सांगा. ग्राहकाचे तीन मेसेज होते, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी आलेले:

```
Bonjour, les capsules j'en veux plus svp
J'ai dit que j'en voulais plus !!
Je ne veux PLUS de capsules. STOP.
```

पहिला मेसेज आला तेव्हा टीममधल्या नव्या मुलीने वाचलं, ‘नमस्कार, कॅप्सूल मला अजून हव्यात प्लीज’. ग्राहकाला महिन्याला चार बॉक्स जायचे, तिने आठ केले आणि छानसं कन्फर्मेशन पाठवलं. दुसरा मेसेज थेट लीडकडे गेला. त्याने वाचलं, ‘मी म्हटलं होतं ना मला अजून हव्यात!!’, त्याला वाटलं आठही कमी पडले वाटतं, म्हणून बारा करून वर माफीही मागितली. तिसऱ्या मेसेजला सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होता, की कॅप्सूल आता नकोत.

ऑफिसचं म्हणणं ठरलेलं, मुलीचं फ्रेंच कच्चं आहे, पुन्हा ट्रेनिंगला बसवा. मला ते पटलं नाही. ती मुलगी बी-टू लेव्हल पास आहे आणि तिने पुस्तकात शिकवलेला नियम अगदी बरोबर लावला होता. लीडने तर मलाच विचारलं, ‘मॅडम, ह्यात ‘न’ कुठेय? ‘न’ नसेल तर वाक्य पॉझिटिव्ह, असंच तर शिकवता ना तुम्ही लोक?’ हो, असंच शिकवतात. फ्रेंचमध्ये नकार दोन तुकड्यांत येतो, क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. ‘झ न से पा’ म्हणजे मला माहीत नाही. ‘पा’च्या जागी ‘प्ल्यू’, म्हणजे मेसेजमधला plus, टाकलं की ‘आता नाही, यापुढे नाही’, आणि पुस्तकी नियमाने ‘न’ नसला की तोच ‘प्ल्यू’ म्हणजे ‘अधिक, अजून’. पण फ्रेंच माणूस घरात, फोनवर, चॅटवर बोलतो तेव्हा पहिला तुकडा बहुतेक वेळा गायबच असतो, ‘झ न से पा’चं नुसतं ‘शे पा’ उरतं. म्हणजे ग्राहकही बरोबर आणि मुलगीही बरोबर. दोघं एकाच भाषेच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर उभे होते एवढंच.

हे टप्पे समजायचे तर बरंच मागे जावं लागतं. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये नकारावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात हा सगळा प्रवास नीट मांडला. पुढे 1979 मध्ये स्वीडनच्या ओस्टेन डाल यांनी त्याला येस्पर्सनचं चक्र असं नाव दिलं आणि तेच रूढ झालं. त्यातली फ्रेंचची कहाणी थोडक्यात अशी. फार जुन्या लॅटिनमध्ये नकारासाठी क्रियापदाआधी छोटासा ‘ने’ लागायचा, ‘ने दीको’, मी म्हणत नाही (हा ‘ने’ आणि आपल्या संस्कृतातला ‘न’ मुळात एकच, उगाच योगायोग वाटायला नको). तो फारच बारीक पडायला लागला तेव्हा त्याला ‘एक’ या अर्थाचा शब्द जोडून ‘एकही नाही’ असा जोर दिला गेला, आणि त्या जोडीचं आखडून झालं ‘नोन’. मग ‘नोन दीको’ हेच साधं वाक्य झालं, जोरबिर संपला. या ‘नोन’चा फ्रेंचमध्ये येईपर्यंत पुन्हा घासून ‘न’ झाला, ‘झो न दी’. म्हणजे शेकडो वर्षं फिरून गाडी परत एका कमजोर, आघात नसलेल्या अक्षरावर.

मग मध्ययुगात लोकांनी पुन्हा टेकू लावले, आणि ते टेकू बघा कसले. ‘पा’ म्हणजे पाऊल, ‘मी’ म्हणजे पावाचा चुरा, ‘गूत’ म्हणजे थेंब, ‘प्वाँ’ म्हणजे टिंब. एक पाऊल चालणार नाही, एक थेंब पिणार नाही, असं. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, आपण दिवसभर हेच करतो, त्याला काडीचं कळत नाही, कवडीची किंमत नाही, कणभर फरक पडला नाही. फ्रेंचमध्ये फरक एवढाच झाला की ‘पा’ चालण्या-फिरण्याच्या क्रियापदांपासून सुटला आणि कुठेही बसायला लागला, ‘एक पाऊल बोलत नाही’, ‘एक पाऊल ऐकत नाही’. असं म्हणताना कोणाच्या डोळ्यापुढे पाऊल येईनासं झालं तेव्हा तो नाम राहिला नाही, व्याकरणाचा भाग झाला. ‘मी’ बराच काळ टिकून होता, नंतर संपला. ‘गूत’ आज फक्त ‘काही दिसत नाही’ छापाच्या एखाद्या ठरीव वाक्प्रचारात उरलाय. ‘पा’ जिंकला. तोच का जिंकला याचं एका ओळीत उत्तर नाही, आणि आधी सांगता तर मुळीच आलं नसतं. हे चक्र वळण सांगतं, त्या वळणावर कोणता शब्द उभा असेल ते सांगत नाही.

आता यात एक जुना वाद आहे आणि मला सगळ्यात रस त्यातच आहे. येस्पर्सनचा विचार असा की आधी ‘न’ आवाजाने कमजोर झाला, नीट ऐकू येईना, म्हणून मदतीला ‘पा’ आला. उलट बाजू म्हणते तसं नव्हे, ‘पा’ आधी जोर देण्यासाठी आला, लोकांनी इतका वापरला की जोर संपला, आणि तो संपल्यावर मग ‘न’ बिनकामाचा ठरला. ‘न’ एकटा आणि ‘न…पा’ अशी दोन्ही रूपं मध्ययुगात कित्येक शतकं शेजारी शेजारी नांदत होती, त्यामुळे निव्वळ ऐकू येत नव्हतं म्हणून, हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही. ऐकूच येत नसतं तर इतका काळ एकटा ‘न’ चालला कसा? जुने मजकूर बारकाईने वाचणाऱ्यांना असं दिसलं की त्या काळात ‘पा’ कुठेही येत नव्हता. जी गोष्ट आधीच हवेत आहे, म्हणजे कोणीतरी बोललंय किंवा समोरचा गृहीत धरून बसलाय, ती खोडायची असेल तेव्हा तो जास्त यायचा.

हे ऐकून टीममधल्या एकाने कपाळाला आठ्या घातल्या, मग मी त्यांना मराठीतला ‘काही’ दाखवला. ‘मी येणार नाही’ आणि ‘मी काही येणार नाही’ यात फरक काय? दुसऱ्या वाक्यातल्या ‘काही’चा अर्थ ‘एखादी वस्तू’ असा अजिबात नाही. तो आपण तेव्हाच वापरतो जेव्हा समोरच्याने आपण येऊ असं धरलेलं असतं. ‘तो काही वाईट माणूस नाही’ असं म्हटलं की कोणीतरी त्याला वाईट म्हटलंय किंवा तसं वाटण्यासारखं काहीतरी घडलंय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आणि कोणी काही विचारलेलं नसताना ऑफिसात शिरल्या शिरल्या ‘मी काही कोणाचा चार्जर घेतला नाही’ असं बोलून बघा, सगळे आधी तुमचीच बॅग तपासतील. मध्ययुगातल्या ‘पा’ची नोकरी साधारण हीच होती. आता कल्पना करा की पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी प्रत्येकच नकारात ‘काही’ टाकायला सुरुवात केली, पाऊस काही नाही, दूध काही आलं नाही, मला काही माहीत नाही, अगदी कोणी काही धरलेलं नसतानाही. तेव्हा ‘काही’मधलं ते हवेतलं खोडणं संपेल आणि त्याच्याशिवायचं वाक्य अर्धवट वाटायला लागेल. फ्रेंचमध्ये ‘पा’चं हेच झालं, सतराव्या शतकापर्यंत तो साध्या नकारात जवळजवळ सक्तीचा झाला होता. एकटा ‘न’ आज फक्त ‘शकणं’, ‘जाणणं’, ‘धजणं’, ‘थांबणं’ अशा मोजक्या क्रियापदांबरोबर पुस्तकी लिखाणात दिसतो. मराठीत ‘काही’ अजून त्या टप्प्याच्या जवळपासही नाही आणि जाईलच असंही नाही.

(मराठीचं स्वतःचं ‘नाही’ वेगळ्या वाटेने आलंय ते जाता जाता. त्यात टेकू म्हणून कुठली वस्तू आली नाही, ‘न’ने ‘आहे’लाच पोटात घेतलं. म्हणून तर आपण नाहीस, नाहीत असं चालवतो, क्रियापद आत आहे ना. ‘पैसे नाहीत’ मधला हा ‘नाही’ मग ‘येत नाही’, ‘गेला नाही’ असा सगळीकडे पसरला आणि जुना ‘न’ उरला ‘न सांगता’, ‘येईना’ असल्या कोपऱ्यांत. असण्याच्या नकारातून साधा नकार तयार होण्याच्या या वाटेवर विल्यम क्रॉफ्ट यांनी 1991 मध्ये लिहिलंय.)

तर फ्रेंच आज चक्राच्या शेवटच्या वळणावर आहे. काम ‘पा’ करतोय आणि ‘न’ गळतोय, पण शाळा, वर्तमानपत्रं, सरकारी कागद यांनी तो धरून ठेवलाय, त्यामुळे लिहिण्यात आहे, बोलण्यात नाही. किती गळलाय याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकन अभ्यासक विल्यम अ‍ॅशबी यांनी फ्रान्समधल्या तूर शहरात लोकांची संभाषणं 1976 मध्ये आणि पुन्हा 1995 मध्ये रेकॉर्ड केली. पहिल्या वेळी ‘न’ साधारण 37 टक्के नकारांत टिकून होता, दुसऱ्या वेळी साधारण 18 टक्क्यांत. मॉन्ट्रियलमधल्या बोलण्यात तर 1977 च्या अभ्यासातच तो एक टक्काही नव्हता. शिवाय गळती सगळीकडे सारखी नाही. कर्ता ‘मी’, ‘तू’, ‘तो’ असं सर्वनाम असेल तर ‘न’ पटकन पडतो, कर्ता पूर्ण नाम असेल, ‘माझ्या शेजाऱ्यांची मुलगी’ वगैरे, तर जास्त टिकतो. आपल्या ग्राहकाचा कर्ता ‘मी’ आणि माध्यम चॅट, म्हणजे बोलणंच पण टाईप केलेलं. ‘न’ पडायला याहून सोयीची जागा नाही.

आता मुख्य गाठ. ‘न’ पडल्याने एरवी कोणाचं काही बिघडत नाही कारण ‘पा’ उरतो, आणि वाक्यात तसा एकटा ‘पा’ दिसला की तो नकारच, ‘पाऊल’ म्हणून कोणी वाचत नाही. बाकीचे नकारी शब्दही मुळात होकारीच होते, ‘रियाँ’ म्हणजे वस्तू, ‘पेर्सॉन’ म्हणजे व्यक्ती. ‘रियाँ’मधली वस्तू आज फारशी कोणाला आठवत नाही. ‘पेर्सॉन’ अजून व्यक्ती म्हणूनही चालतो, पण तेव्हा त्याच्या आधी ‘एक’ किंवा ‘ती’ असं काहीतरी लागतं, नुसता आला की ‘कोणी नाही’. सोय झालेली आहे. फक्त ‘प्ल्यू’ अडकला. लॅटिनपासून त्याचा अर्थ ‘अधिक’, आणि तो अर्थ आजही पूर्ण जिवंत आहे, रोज लागतो, त्याच जागी बसतो. पूर्वी ‘न’ असायचा तेव्हा दोन अर्थांत भिंत होती. ‘न’ गेला, भिंत गेली, आणि ‘अजून हवं’ व ‘आता नको’ या एकमेकांच्या अगदी उलट गोष्टी एकाच स्पेलिंगमध्ये राहायला आल्या.

बोलताना भाषेने यावर तोडगा काढलाय. ‘अधिक’ म्हणायचं असेल आणि शब्द शेवटी असेल तर शेवटचा एस वाजवतात, प्ल्यूस. नकार असेल तर एस कधीच वाजत नाही, फार तर पुढच्या स्वराला जोडताना ज सारखा येतो. त्यामुळे समोरासमोर दोन फ्रेंच माणसांत हा घोळ क्वचित होतो. घोळ कागदावर आणि स्क्रीनवर होतो, कारण तिथे एस दोन्हीकडे लिहितातच. गंमत म्हणजे ‘ऑन’ कर्ता असला की (बोलीतला ‘आपण’) आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असला की जोडून बोलताना न आपोआप वाजतो, म्हणून तिथे नकाराचा ‘न’ आहे की नाही हे ऐकून कळतच नाही आणि खुद्द फ्रेंच लोक लिहिताना तो विसरतात. म्हणजे तिथे ‘न’ दिसला नाही यावरून काहीच ठरवायचं नाही.

मग आपल्या मुलीने ओळखायला काय हवं होतं? मी टीमबरोबर जुने चॅट काढून बसले आणि जे सापडलं ते साधं आहे. ‘प्ल्यू’च्या पुढे-मागे कोण बसलंय ते बघायचं. ‘थोडं’, ‘खूप’ या अर्थाचे शब्द आधी असतील, किंवा तुलनेचा ‘क’ मागून येत असेल, तर अर्थ ‘अधिक’च. ‘प्ल्यू’नंतर ‘रियाँ’, ‘पेर्सॉन’, ‘जामे’ किंवा ‘द्यु तू’ (अजिबात) असेल तर नकारच. यातलं काहीच नसेल, आपल्या पहिल्या मेसेजसारखं वाक्य उघडंबोडकं असेल, तर माझा कल नकाराकडे. कारण जास्त हवं असलेला माणूस सहसा किती ते सांगतो, किंवा ‘आँकोर’ वापरतो, ‘अजून’. उघड्या वाक्यात नुसतं ‘प्ल्यू’ टाकून थांबणारा बहुतेक वेळा काहीतरी बंद करायला आलेला असतो. पण कल म्हणजे खात्री नव्हे, आणि इथे चुकीची किंमत आठ बॉक्स, म्हणून विचारायचंच. विचारताना मात्र ‘प्ल्यू’ तोंडात घ्यायचा नाही, नाहीतर ग्राहक ‘हो’ म्हणेल आणि तुम्ही परत तिथेच. ‘अधिक’साठी ‘दाव्हाँताज’ हा दुसरा शब्द आहे, त्याला नकारी अर्थ नाही, तो घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला ‘थांबवणं’ हे सरळ क्रियापद. तुम्हाला दाव्हाँताज पाठवू की पाठवणं थांबवू, बास. टेम्प्लेटमध्ये हे वाक्य आता गेलंय.

लीडची दुसरी चूक, बारा बॉक्सवाली, मात्र मी भाषेच्या माथी मारणार नाही. दोन उद्गारचिन्हं लावून कोणी ‘मला अजून हव्यात’ म्हणत नाही हो, तेही ऑर्डर दुप्पट झाल्यावर.

आणि तिसरा मेसेज. तो मी सगळ्यांना परत वाचायला लावला, कारण त्यात चक्राची एक गंमत आहे जी पाठ्यपुस्तकात येत नाही. जो माणूस दोनदा ‘न’ न लिहिता बोलला त्याने वैतागल्यावर ‘न’ लिहिला, शिवाय पूर्ण लिहिला, ‘न व्हो प्ल्यू’, कॅपिटलसकट. एका चॅटवरून सिद्धांत काढायचा नसतो हे मान्य, पण फ्रेंच बोलण्यात हे इतरत्रही दिसतं. एरवी ‘न’ गाळणारा माणूस भाषण करताना, मुलाला दम देताना, एखादी गोष्ट ठासून सांगताना ‘न’ परत काढतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कमजोर ‘न’ला जोर द्यायला ‘पा’ आला, आणि आज जोर गेलेल्या ‘पा’ला जोर द्यायला तोच म्हातारा ‘न’ परत येतोय. तो असाच टिकेल की कॅनडातल्या बोलण्यासारखा जवळजवळ संपेल, हा प्रश्न अजून उघडाच आहे. पण एजंटच्या दृष्टीने नियम पक्का झाला, एरवी न दिसणारा ‘न’ अचानक दिसला की ग्राहक फक्त नाही म्हणत नाहीये, चिडलाय, आणि ते तिकीट आधी घ्यायचं.

मराठीतही चक्राच्या पुढच्या टोकाला पोचलेले शब्द आहेत का असं एकीने विचारलं. आहेत, पण ते उपहासाच्या रस्त्याने आलेत. ‘त्याला डोंबल कळतंय’ यात ‘नाही’ कुठेय? ‘घंटा कळलं’ मध्ये? ‘कप्पाळ येतंय त्याला’? एकटा ‘डोंबल’ नकार वाहून नेतोय, ‘नाही’ची गरजच उरली नाही. ‘काडीचं’ला अजून ‘नाही’ लागतं, ‘त्याला काडीचं कळतं’ असं कोणी म्हणत नाही. पण ‘डोंबल’ हा साधा नकार नाही, त्यात टोमणा भरलेला आहे. ज्या दिवशी बँकेच्या पत्रात ‘आपल्या खात्यात डोंबल शिल्लक आहे’ असं गंभीरपणे छापून येईल त्या दिवशी म्हणू की चक्र फिरलं. यावर लीड एवढा हसला की मुलीवरचं ट्रेनिंग तिथेच रद्द करून टाकलं.

शेवटी एक गोष्ट राहिली होती, फोनची टीम. त्यांना वाटलं आपण सुटलो, आपल्याला एस ऐकू येतो. कॉल घेणाऱ्याला येतो, बरोबर. पण क्वालिटीवाले कॉल ऐकत नव्हते, कॉलवरून आपोआप टाईप झालेलं ट्रान्सक्रिप्ट वाचून मार्क देत होते, आणि त्यात प्ल्यू काय नि प्ल्यूस काय, दोन्ही त्याच चार अक्षरांत छापलं जातं. एका एजंटने बरोबर ऐकून सबस्क्रिप्शन बंद केलं होतं आणि ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्याने ‘ग्राहकाला जास्त हवं होतं’ म्हणून त्याचे मार्क कापले होते. आता ट्रान्सक्रिप्टमध्ये हा शब्द आला आणि आजूबाजूला ‘न’ नसला की त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत असं ठरलंय, आणि त्या पोराचे मार्क परत मिळालेत.